मावशीच्या फोटोतली नक्षी आणि माझ्या उसवलेल्या ओळी

मफलरसाठी नमुना हवा म्हणून मावशीने तिच्या जुन्या कात्रणाचा फोटो पाठवला. मला सुलट आणि उलट, एवढे दोनच टाके येतात. नमुन्यातही तेवढेच होते, तिरप्या पट्ट्यांचा नमुना. बारा चौकोन रुंद, सहा ओळी उंच. कोरा चौकोन म्हणजे सुलट, आडवी रेघ म्हणजे उलट, असं खाली सूचीत लिहिलेलं. सूचीची पुढची ओळ फोटोत कापली गेली होती. तिकडे मी तेव्हा लक्षच दिलं नाही, आणि सगळी गंमत तिथेच होती.

चोवीस टाके घातले, म्हणजे एका ओळीत तक्ता दोनदा. वाचायला सुरुवात खालून करायची, हे मला ठाऊक होतं, कारण कापड सुईवर खालून वरच वाढतं. पहिली ओळ उजवीकडून: तीन सुलट, तीन उलट, परत तेच. छान झाली. दुसरी ओळही उजवीकडूनच वाचली: एक उलट, तीन सुलट, दोन उलट. सहा ओळी झाल्यावर तिरपी पट्टी कुठेच नाही, नुसतं पुरळ उठल्यासारखं कापड. उसवलं.

मग फोटो मोठा करून पाहिला. ओळींचे आकडे फक्त उजव्या कडेला होते, आणि तेही १, ३, ५. डावी कड कापलेली. म्हणजे सम ओळींचे आकडे डावीकडे असणार. आकडा ज्या बाजूला, तिथून ओळ वाचायची. विचार केला तर सरळच आहे: ओळ संपली की आपण काम उलटं फिरवतो, आणि परतीची ओळ नक्षीच्या डाव्या टोकापासून सुरू होते.

म्हणून दुसरी ओळ डावीकडून वाचली: दोन उलट, तीन सुलट, एक उलट. तरी पुरळ तसंच! वैतागून मावशीला फोन केला.

"अगं, तो तक्ता म्हणजे पुढून दिसणारं कापड. तू मागून विणतेयस ना? मग पुढून उलट दिसायला मागून काय घालशील?"

सुलट. एकाच टाक्याची पुढची बाजू इंग्रजी व्ही अक्षरासारखी दिसते आणि मागची आडव्या गाठीसारखी. तेव्हा सम ओळीत कोरा चौकोन उलट विणायचा आणि रेघ सुलट. कापलेल्या सूचीत हेच लिहिलेलं होतं. दुसरी ओळ झाली: दोन सुलट, तीन उलट, एक सुलट. आता काम पुढून धरलं तर व्हींचा गट खालच्या ओळीपेक्षा बरोबर एक टाका डावीकडे सरकलेला. (गोल सुईवर सलग गोल विणणाऱ्यांना ही कटकट नाही. पुढची बाजू कायम समोर, त्यामुळे प्रत्येक ओळ उजवीकडूनच.)

तिसऱ्या ओळीत फोटोनेच घात केला. कागदाच्या घडीची सावली डाव्या टोकावर पडलेली आणि शेवटचा चौकोन कोरा वाटत होता. दोन उलट, तीन सुलट, एक उलट, पुन्हा दोन उलट, आणि मग सलग चार सुलट? बाकी कुठेच तीनपेक्षा जास्त कोरे चौकोन सलग नव्हते. तोच चौकोन सहा घरं उजवीकडे पाहिला, तिथे ठळक रेघ होती. म्हणजे सावलीतही रेघच. तेव्हापासून नियम केला: सहा चौकोनांत तीन रेघा भरल्याच पाहिजेत, नाही भरल्या तर दोष डोळ्यांचा किंवा फोटोचा.

फोटो तिरका होता तो वेगळाच ताप. मोबाइलवर पट्टी आडवी धरली की उजवीकडे चौथ्या ओळीवर, डावीकडे पोचेपर्यंत पाचवीवर. शेवटी फोटो सरळ करून, कापून, छापून घेतला. कागदाची पट्टी मी विणायच्या ओळीच्या वर ठेवते, खाली नाही. विणून झालेल्या ओळी उघड्या राहतात आणि सुईवरच्या कामाशी ताडून बघता येतात. दर सहा टाक्यांनंतर सुईत लाल दोऱ्याचं कडं अडकवलंय, त्यामुळे चूक झाली तर सहाच टाक्यांत सापडते.

उरलेल्या ओळी आधी वहीत शब्दांत उतरवल्या. चौथी: तीन उलट, तीन सुलट. पाचवी: एक सुलट, तीन उलट, दोन सुलट. सहावी: एक उलट, तीन सुलट, दोन उलट. मग पुन्हा पहिली. तिसऱ्यांदा तक्ता पूर्ण झाला तेव्हा पट्ट्या उजवीकडून डावीकडे चढताना दिसल्या.

मावशीला म्हटलं, सूचीचा पूर्ण फोटो पाठव. तिने लगेच पाठवला. कापलेली ओळ त्यात आहे, पण पहिल्या ओळीवर तिचा अंगठा आहे.