लाल डोळ्याचा तक्ता आणि अडून बसलेला वेदनेचा रकाना

नेत्ररोगाच्या आमच्या नोट्समध्ये 'लाल डोळा' नावाचं एकही लेक्चर नव्हतं. कंजंक्टिव्हायटिस एका सरांनी घेतला, कॉर्नियल अल्सर दुसऱ्यांनी, युव्हिआयटिस आणि काचबिंदू मॅडमनी, आणि मध्ये महिन्याभराची सुट्टी. ओपीडीत मात्र पेशंट फक्त 'डोळा लाल झालाय' एवढंच म्हणतो. तोंडी परीक्षेतला प्रश्नही तिथूनच सुरू होतो. म्हणून सगळ्या नोट्स मोडून आडव्या ए-थ्री कागदावर एकच तक्ता करायला घेतला.

बरेचसे रकाने पटापट भरले. लाली कुठे, एवढं पाहिलं तरी अर्धे रोग वेगळे होतात. डोळे आल्यावर लाली भडक असते, पापणीच्या आतल्या बाजूकडे जास्त आणि बुबुळाकडे कमी होत जाते. कॉर्निया, आयरिस किंवा दाबाचं दुखणं असेल तर बुबुळाभोवती जांभळट कडं दिसतं. बाहुली कंजंक्टिव्हायटिसमध्ये नेहमीसारखी, युव्हिआयटिसमध्ये बारीक आणि कधी वेडीवाकडी, अचानक उठलेल्या काचबिंदूत अर्धवट मोठी, उभट आणि टॉर्चला दाद न देणारी. इथपर्यंत काही त्रास नाही.

अडलं ते 'वेदना' या रकान्यापाशी, आणि असं अडलं की अजून राग येतो. सगळ्या नोट्समध्ये वेदना अधिकच्या चिन्हांत मोजलेली. अल्सरला दोन चिन्हं, युव्हिआयटिसलाही दोन, काचबिंदूला तीन. वरच्या बॅचकडून आलेल्या झेरॉक्समध्ये अल्सरलाच तीन, आणि स्क्लेरायटिसला नुसतं 'तीव्र'. दोन कशाच्या तुलनेत, हे कुठेच नाही. ज्या रकान्यात चार ओळींना जवळपास एकच उत्तर येतं तो तुलनेच्या तक्त्यात कशाला हवा? पुस्तकं उघडली तर तिथेही मध्यम, तीव्र, अतितीव्र. शेवटी रकाना कोरा ठेवून मी पोस्टिंगला गेले.

तिथल्या रेसिडेंट मॅडमना कागद दाखवला. त्या म्हणाल्या, "अगं, पेशंट कधी येऊन दोन प्लस दुखतंय म्हणतो का? तो काय बोलतो ते लिही." मग ओपीडीत कानावर पडेल ते लिहीत गेले आणि रकाना आपोआप सुटा होत गेला. अ‍ॅलर्जीवाला दुखण्याचं नावच काढत नाही, खाज म्हणतो आणि सांगतासांगता डोळा चोळतो. डोळे आलेला म्हणतो, वाळू गेल्यासारखं खुपतंय, सकाळी चिपडांनी पापण्या चिकटतात. पांढऱ्या भागात रक्त साकळलेल्याला काहीच होत नसतं, घरच्यांनी घाबरवलं म्हणून तो आलेला असतो. अल्सरवाला डोळा उघडूच शकत नाही, पाणी गळत असतं. युव्हिआयटिसवाल्याचा डोळा आतून ठणकतो आणि उजेडात जास्त. स्क्लेरायटिसचं दुखणं कपाळ-जबड्यापर्यंत जातं आणि पहाटे झोपेतून उठवतं. काचबिंदूवाली बाई डोक्याबद्दल आणि उलट्यांबद्दलच बोलते, डोळ्याचं विचारल्यावर सांगते.

हे नुसते शब्द नाहीत, मागे कारण आहे. कॉर्नियाच्या पृष्ठभागावर मज्जातंतूंची टोकं दाटीने असतात, तिथला ओरखडा टोचतो. युव्हिआयटिसमध्ये सिलियरी स्नायू आखडतो, उजेडाने बाहुली हलली की तो ठणका वाढतो. म्हणून मी वेदनेचा रकाना उभा चिरून दोन केले: पेशंट काय म्हणतो, आणि बधिर करणारा थेंब टाकल्यावर काय होतं. प्रोपॅराकेनचा थेंब टाकून मिनिटभरात पेशंट सुखाने डोळा उघडू लागला तर दुखणं बहुधा पृष्ठभागाचं. काही फरक नाही, तर आत बघा. हा थेंब तपासणीपुरताच. घरी द्यायचा नाही, सारखा वापरला तर कॉर्नियाची जखम भरत नाही.

थेंबाच्या आधी करायची एक गोष्ट इथेच सांगते, नाहीतर राहील. कापसाच्या टोकाने कॉर्नियाची संवेदना आधी बघायची, कारण थेंबानंतर ती कळणारच नाही. हर्पिसच्या अल्सरमध्ये संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे जखमेच्या मानाने पेशंट कमी तक्रार करतो. 'कमी दुखतं म्हणजे किरकोळ' हा हिशेब तिथे साफ चुकतो. फ्लुओरेसिन लावून निळ्या उजेडात फांद्या फुटल्यासारखी रेघ दिसली तर स्टेरॉइडचा थेंब देऊन चालत नाही, विषाणू फोफावतो. उसाचं पातं लागून झालेल्या बुरशीच्या अल्सरलाही स्टेरॉइड तितकंच वाईट. तिथे खरवडून केओएच खाली बघायचं आणि नॅटामायसिन 5 टक्के.

यामुळेच उपचाराच्या शेजारी 'काय द्यायचं नाही' असा रकाना लाल शाईने वाढवला. माझ्या मते अख्ख्या तक्त्यात तोच सगळ्यात कामाचा. त्याची पारख एका केसवर झाली. साठीच्या एक आजी रात्री कॅज्युअल्टीत आल्या. डोकं फुटतंय, दोनदा उलटी, आधी कुठेतरी पित्ताचं इंजेक्शन घेतलेलं. उजवा डोळा लाल. मी मनातल्या मनात रकाने ओलांडत गेले. चिपडं नाहीत. लाली बुबुळाभोवती. दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली होती. कॉर्निया धुरकट. इथपर्यंत युव्हिआयटिसही बसला असता. टॉर्च मारला, बाहुली अर्धवट मोठी आणि ढिम्म. बंद पापणीवरून बोटांनी चाचपलं तर डोळा डाव्यापेक्षा कितीतरी कडक. टोनोमीटरवर दाब 58 आला, नेहमीचा 10 ते 21 असतो.

युव्हिआयटिसमध्ये बाहुली मोठी करायला अ‍ॅट्रोपिन देतात, म्हणजे आयरिस भिंगाला चिकटत नाही आणि स्नायूचा ठणकाही बसतो. तोच थेंब या आजींना दिला असता तर बंद झालेला कोन आणखी घट्ट झाला असता. त्यांना अ‍ॅसिटाझोलामाइड 500 मिलिग्रॅम शिरेतून, टिमोलॉल, मग मॅनिटॉल दिलं. पायलोकार्पिन मात्र दाब उतरू लागल्यावर. इतक्या दाबाला बाहुलीच्या स्नायूला रक्तच पोचत नाही, थेंब काम कसा करणार? हे कारण नोट्समध्ये नव्हतं, 'पायलोकार्पिन 2 टक्के' एवढंच होतं. नंतर लेझरने आयरिसला छिद्र केलं, आणि न दुखणाऱ्या डोळ्यालाही, कारण त्याचाही कोन तितकाच अरुंद असतो.

ओळींचा क्रम लेक्चरप्रमाणे ठेवू नका. मी घाईप्रमाणे लावला: वर काचबिंदू आणि अल्सर, मग युव्हिआयटिस आणि स्क्लेरायटिस, तळाला डोळे येणं आणि साकळलेलं रक्त.

एक ओळ मात्र रकान्यांत बसवलीच नाही. तंबाखूच्या चुन्याची पुडी दाबून फुटली आणि लहान मुलाच्या डोळ्यात गेली, अशा केसेस आपल्याकडे येतात. तिथे लाली, बाहुली, वेदना काहीही तुलना करत बसायचं नाही. म्हणून कागदाच्या अगदी वर, सगळ्या रकान्यांवरून आडवं लिहिलंय: आधी धुवा. सलाइनने निदान अर्धा तास, पीएच पट्टी 7 च्या आसपास येईपर्यंत, आणि वरची पापणी दुहेरी उलटून आत अडकलेले चुन्याचे कण काढून. हिस्टरी नंतर.