चार हजार दिरहम

शारजातल्या एका बांधकाम कंपनीत मी पगारपत्रक बघतो. कुणी नोकरी सोडली की त्याचं फायनल सेटलमेंट माझ्या टेबलावर येतं. त्यातली ग्रॅच्युइटी सॉफ्टवेअर काढतं, मी सही करतो आणि कागद पुढे जातो. फेब्रुवारीत आलेला एक कागद मात्र अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

शटरिंगचे कारपेंटर, खेड तालुक्यातले. मी त्यांना काका म्हणायचो. 1 मार्च 2013 ला लागले आणि 31 जानेवारी 2025 ला गुडघ्यांमुळे राजीनामा देऊन निघाले. साईटवर त्यांना सगळे सांगत होते, "राजीनामा देऊ नकोस, पैसे कापतील." कायदा 2 फेब्रुवारी 2022 ला बदलला, राजीनाम्यामुळे होणारी ती कपात गेली, आणि जुन्या कायद्यातही ती पाच वर्षांच्या आत सोडणाऱ्यालाच लागत असे. तरी कॅम्पमध्ये तीच भीती अजून फिरते. फोरमनना हे माहीत असायला हवं. त्यांना नसतं.

काकांचा हिशेब साधा होता. पगार 2,400, नोकरी बारा वर्षांच्या आसपास, म्हणजे अठ्ठावीस हजारांच्या घरात. "वर्षाला एक पगार, असंच ना भाऊ?"

तसं नसतं. ग्रॅच्युइटी धरतात ती शेवटच्या बेसिकवर; राहण्याचा, प्रवासाचा भत्ता त्यात येत नाही. पहिल्या पाच वर्षांना दर वर्षी 21 दिवसांचं बेसिक मिळतं आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला 30 दिवसांचं. अपुऱ्या वर्षाचे पैसे त्या प्रमाणात मिळतात. हे सांगताना त्यांचा चेहरा उतरला. बारा वर्षं हा माणूस मनात चुकीची रक्कम धरून होता आणि आमच्यापैकी एकानेही त्याला कधी समजावलं नव्हतं.

सॉफ्टवेअरने रक्कम दाखवली 10,000. बेसिक 1,000 धरून: पाच वर्षांचे 3,500 आणि पुढच्या साडेसहा वर्षांचे 6,500. आकडेमोड बिनचूक होती. पण 2,400 पगारात बेसिक फक्त हजार, हे मला खटकलं. फाईल काढली. हजार हा 2013 च्या करारातला आकडा होता. नंतरची प्रत्येक वाढ आमच्या लोकांनी 'इतर भत्ता' या रकान्यात चढवली होती. बँकेत पूर्ण पगार जात असल्यामुळे कुणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं. काकांच्या मोबाईलवर कामगार मंत्रालयाच्या ॲपमध्ये शेवटचा नोंदणीकृत करार उघडला. बेसिक 1,400.

मग हाताने मांडलं. 1,400 ला तीसने भागलं, एका दिवसाचे 46.67. 21 दिवसांचे 980, पाच वर्षांचे 4,900. पुढची साडेसहा वर्षं गुणिले 1,400, म्हणजे 9,100. एकूण 14,000. एका चुकीच्या रकान्यात काकांचे चार हजार दिरहम अडकले होते, जवळजवळ तीन महिन्यांचं बेसिक.

मॅनेजर म्हणाले, "त्याने सही केलीय ना?" केली होती. 'आता काहीही येणे बाकी नाही' असं लिहिलेल्या इंग्रजी कागदावर, पैसे खात्यात पडण्याआधी. अशी सही घेणं मला चुकीचं वाटतं आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. करार समोर ठेवला. नोकरी संपल्यापासून चौदा दिवसांत सगळे पैसे द्यायचे असतात. नवव्या दिवशी कागद दुरुस्त होऊन आला.

इथेच थांबलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. नोकरी भरते 11 वर्षं 11 महिने, आणि मी धरली साडेअकरा. पाच महिने मी स्वतः वगळले होते. 2020 च्या फेब्रुवारीत काका सुट्टीवर गावी गेले, मार्चमध्ये भारताने आंतरराष्ट्रीय विमानं बंद केली आणि ते परतले ऑगस्टच्या शेवटी. एप्रिल ते ऑगस्ट बिनपगारी. बिनपगारी गैरहजेरीचे दिवस सेवेत धरत नाहीत, असं कायदा स्पष्ट म्हणतो. त्या पाच महिन्यांचे 583 दिरहम होतात. काकांना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "विमान मी बंद केलं नव्हतं रे." त्यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

ते गेल्यावर मी 2018 च्या आधी लागलेल्या सगळ्यांचं बेसिक शेवटच्या कराराशी ताडून पाहायला घेतलं. पहिल्या तीस नावांत सात जणांचं जुळत नाही. मॅनेजर म्हणतात, ते जातील तेव्हा बघू. मी त्या सातही जणांना ॲपवर आपापला करार उघडून दाखवला आणि त्याचा फोटो गावी घरच्यांना पाठवून ठेवायला सांगितला.