एकनाथांचा हिंदू-तुर्क संवाद मुलांना शिकवताना : माझा अनुभव

आमच्या वारकरी मंडळाच्या रविवारच्या वर्गात बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी ‘आपली परंपरा आणि शेजारचे धर्म’ या विषयावर तासाभराचा एक पाठ घेण्याचे काम माझ्याकडे आले. गावात हिंदू आणि मुसलमान वस्ती एकमेकींना लागून आहे आणि मुले एकाच शाळेत शिकतात. त्यामुळे वर्गात उच्चारलेले वाक्य दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शेजारच्या मुलाच्या कानावर जाणार, हे धरूनच मी तयारीला बसलो.

अशा पाठासाठी पसायदान घेण्याची रीत आहे. पसायदान मला प्राणाहून प्रिय आहे, पण त्यात सर्व भूतांसाठी मागणे आहे. एकाच गल्लीत राहणारे आणि एकमेकांची उपासना न पटणारे दोन शेजारी त्यात नाहीत. ते एकनाथांच्या हिंदू-तुर्क संवादात आहेत. एकनाथांचा काळ १५३३ ते १५९९ असा मानला जातो, आणि त्यांच्या हयातीत पैठणच्या परिसरात निजामशाहीचा अंमल होता. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर सुलतानाच्या चाकरीत होते, असे परंपरा सांगते. म्हणजे ज्याच्याशी हा वाद घातला आहे तो दुरून ऐकलेला परका नव्हे, तर रोजच्या व्यवहारातला माणूस आहे. संवादातला तुर्क, म्हणजे मुसलमान, दखनी वळणाच्या हिंदुस्थानीत बोलतो आणि हिंदू मराठीत; तरी दोघांना एकमेकांचे सगळे कळते.

अडचण अशी की हा संवाद गोड नाही. तुर्क पुराणांतल्या देवांच्या कथांवर आणि पाषाणाच्या पूजेवर बोट ठेवतो. हिंदू त्याला विचारतो की देव सर्वत्र आहे तर पश्चिमेकडेच तोंड का, आणि दिवसाच्या पाचच वेळा देवाच्या कशा. शेवटी दोघे एकमेकांना आलिंगन देतात. मंडळातल्या काही ज्येष्ठांचे मत पडले की भांडणाचा भाग गाळून आलिंगनच सांगावे. मला ते पटले नाही. जी मुले रस्त्यावर हेच टोमणे ऐकतात, त्यांना आलिंगनाची किंमत त्याआधीचे भांडण ऐकल्याशिवाय कळणार नाही. शिवाय पुढे कधीतरी ती गाथेतला मूळ मजकूर वाचतील आणि आपण तो लपवला होता असे त्यांच्या लक्षात येईल.

म्हणून मी गाथेतला संपूर्ण संवाद वाचून प्रत्येक विधानासमोर तीन रकाने आखले. हे विधान संवादातले पात्र करते का, आजचे वारकरी तसे मानतात का, आणि शेजारी स्वतःबद्दल काय सांगतो? पहिले दोन रकाने भरणे माझ्या हातात होते. तिसरा रकाना मी जाणूनबुजून रिकामा ठेवला, कारण शेजाऱ्याच्या श्रद्धेचे उत्तर आपल्याच पोथीतून काढले की ते ऐकताना आदराचे वाटले तरी आपलेच राहते.

तो रकाना घेऊन मी आमच्या ओळखीच्या मौलवीसाहेबांकडे गेलो. त्यांनी मजकूर शांतपणे वाचला आणि पश्चिमेच्या आक्षेपापाशी थांबले. “हा प्रश्न नवा नाही, गुरुजी,” ते म्हणाले, “आणि त्याचे उत्तर आमच्या ग्रंथातच आहे.” कुराणाच्या दुसऱ्या सूरेतली ११५ वी आयत त्यांनी दाखवली : पूर्व आणि पश्चिम अल्लाहचीच आहे, तुम्ही ज्या दिशेला वळाल तिथे त्याचे मुख आहे. पुढे १७७ व्या आयतेत पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड करणे म्हणजेच पुण्य नव्हे, असेही म्हटले आहे. नमाजाची दिशा मक्केतल्या काबेकडची असते. ती भारतात पश्चिमेला येते, येमेनमध्ये उत्तरेला आणि तुर्कस्तानात दक्षिणेला. पश्चिम ही दिशा म्हणून त्यांच्याकडे पूज्य नाही, सर्वांनी एकाच ठिकाणाकडे वळून प्रार्थना करणे महत्त्वाचे आहे. हे सारे त्यांनी आपल्या शब्दांत एका कागदावर लिहून दिले. वर्गात त्यांच्या बाजूने बोलायचे तेव्हा मी तो कागदच वाचायचा, भर घालायची नाही, असे आमचे ठरले.

या कागदामुळे माझ्या पाठाचा मधला भाग बदलला. हिंदूने विचारलेला प्रश्न आता आमच्याकडेही वळत होता : विठ्ठल सर्वत्र आहे तर पंढरीला का जायचे? याचे उत्तर शोधायला दुसऱ्याच्या घरी जाण्याची गरज नव्हती. नामदेव आणि विसोबा खेचर यांची कथा आमच्या कीर्तनांत नेहमी येते. विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून पडलेले दिसले तेव्हा नामदेव रागावले. जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव, असे विसोबांनी सांगितले, आणि पाय ठेवावेत तिथे नामदेवांना लिंगच दिसले. त्यानंतर नामदेवांची पंढरीची ओढ सुटली असे मात्र कोणी सांगत नाही. सर्वव्यापी देव मानूनही एका ठिकाणी येऊन उभे राहावेसे वाटते, ही गोष्ट दोन्ही घरांत आहे. दोन्हींची कारणे वेगळी आहेत, आणि ती वेगळीच ठेवून सांगायची असे मी टिपणात लिहिले. मूर्तीबद्दलचा मतभेद त्याने मिटत नाही, आणि मिटला असे मुलांना भासवणे हे मौलवीसाहेबांवरही अन्यायाचे झाले असते.

शेख महंमदांचा समावेश करावा का, यावर मी बराच विचार केला. श्रीगोंद्याचे हे संतकवी आम्हां वारकऱ्यांना फार जवळचे आहेत. परंतु शेजारच्या धर्माविषयीच्या पहिल्याच पाठात त्यांना आणले, तर मुसलमान आपल्या देवाचा भक्त झाला की मगच तो आपला, असा अर्थ मुले सहज काढतील. त्यांना मी संतपरंपरेच्या पाठासाठी राखून ठेवले.

संवाद वाचून दाखवण्यासाठी मी दोन मुलांच्या जोड्या केल्या आणि अर्ध्यात भूमिका बदलण्याची अट घातली, कारण तुर्काचे बोलणे एकाच मुलाकडे राहिले तर त्याच्या हिंदुस्थानीची नक्कल सुरू होते आणि वर्ग हसू लागतो. वाचनानंतरचे काम एवढेच : समोरच्याचा आक्षेप अशा शब्दांत सांगायचा की तो ऐकून समोरचा म्हणेल, होय, मला हेच म्हणायचे होते. “ते लोक असे मानतात” असे वाक्य आले की मी थांबवून विचारत असे, “हे संवादात आहे, की कागदावर आहे?” एका मुलीने विचारले की मग शेवटी हिंदू मुसलमान झाला की मुसलमान हिंदू? कोणीच नाही, असे दुसऱ्या मुलाने पान उलटून पाहून सांगितले. दोघांनी आपापले नाव ठेवूनच आलिंगन दिले आहे.

प्राणिहत्येवरून झालेली संवादातली खडाजंगी मी या पाठात घेतली नाही, आणि तसे मुलांना सांगितलेही. तिच्यासाठी कुर्बानीविषयीचा वेगळा कागद मौलवीसाहेबांकडून यायचा आहे, आणि आमच्या बाजूने माळकऱ्यांच्या मांसवर्ज्य आहारामागची भूमिका मला नीट मांडावी लागेल. तो पाठ पंधरा वर्षांवरच्या मुलांच्या वर्गासाठी ठेवला आहे.