पंचेचाळीस घ्यायला निघालो अन् नऊ घेऊन आलो

आमच्या कंधारला दिवाळीला आलोय तेव्हापासून रोज कोणीतरी विचारतंय की तिकडं टेक्सासात पिस्तूल घेतलं म्हणे, कोणतं घेतलं, एवढे दिवस का लागले. एकेकाला सांगून तोंड दुखायलंय म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी हे सांगतो की व्हिजावर होतो तोवर हात पण लावला नाही. तिकडं व्हिजावरच्या माणसाला, एकदोन अपवाद सोडले तर, बंदूक जवळ ठेवायला काय अन् रेंजवर भाड्यानं घेऊन चालवायला काय, कायद्यानं मनाई आहे, हे आपल्याकडच्या कितीतरी पोरांना माहीतच नसतं आणि मजा म्हणून जाऊन बसतात. ग्रीन कार्ड आलं, मग मी रेंजचं नाव काढलं. आणि मला घरात ठेवायला, कमरेला लावायला वगैरे काही नको होतं, महिन्यातून दोन शनिवार रेंजवर जाऊन कागदावर भोकं पाडायची एवढाच शौक.

डोक्यात पहिल्यापासून .४५ एसीपी या मापाची गोळी होती. स्टीलचं, जुन्या अमेरिकन फौजी घडणीचं १९११ पॅटर्नचं पिस्तूल, जाडजूड गोळी, साडेअकरा मिलिमीटरची. आवाज असा की शेजारच्या लेनवाला वळून बघतो. रेंजवर भाड्यानं मिळतं म्हणून म्हटलं आधी चालवून बघू मग घेऊ, आणि बरं झालं तसं केलं.

पहिल्या दिवशी ५० राउंड मारले. टार्गेट १० यार्डावर, म्हणजे नऊएक मीटर, जवळच म्हणायचं. आणि गोळ्या सगळ्या खाली डावीकडं, भाकरीएवढ्या पसाऱ्यात. मी काय केलं, नेम धरायच्या साइटला दोष दिला. भाड्याचं पिस्तूल आहे, कोणी आपटलं असेल, साइट सरकली असेल. काउंटरवरच्या माणसानं ते घेतलं, पाच मारले आणि पाचही मधोमध वाटीएवढ्या जागेत घातले. काही बोलला नाही, नुसतं परत दिलं.

रात्री काकांना फोन लावला. आमचे काका फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले, त्यांनी इशापूरच्या सरकारी कारखान्यातलं ९ एमएम १ए पिस्तूल चालवलेलं, १३ राउंडच्या मॅगझीनवालं. मित्रानं काढलेला व्हिडिओ त्यांना व्हॉट्सॲपवर टाकला. त्यांनी दोनदा बघितला आणि म्हणले, "अरे तू गोळी मारायलास का गोळीला भ्यायलास?" मी म्हटलं काका भीती कसली, झटका लई आहे. तर म्हणले, "झटका गोळी गेल्यावर येतो. तू आधीच हात खाली दाबायलास. मित्राला मॅगझीन भरायला लाव, मधीच एखादा डमी, न उडणारा राउंड घालायला सांग, कुठला नंबर ते तुला सांगायचं नाही. मग कळंल."

पुढच्या शनिवारी प्लॅस्टिकचे डमी राउंड घेतले आणि तसंच केलं. तिसरा राउंड डमी निघाला. ट्रिगर दाबला, नुसतं टक् झालं, अन् नळीचं तोंड भस्सकन खाली गेलं, चांगलं दोन बोटं. गोळी सुटलीच नाही, झटका आलाच नाही, तरी हातानं आधीच त्याला रोखायला दाबलं. उजव्या हातानं मारणाऱ्याची गोळी खाली डावीकडं का जाते ते मला त्या एका टक् मध्ये समजलं. असली गोळी असली की झटक्यात हे सगळं झाकलं जातं, म्हणून माणूस साइटला शिव्या देत बसतो.

मग त्याच दिवशी .२२ एलआर या बारीक गोळीचं पिस्तूल भाड्यानं घेतलं. हे तर खेळणंच वाटतं, गोळी अडीच ग्रॅमची. ५० मारले, पसारा वाटीच्या आतच. आणि मजा बघा, त्यात एक राउंड फुसका निघाला. .२२ मध्ये पेटणारा मसाला गोळीमागच्या पितळी पुंगळीच्या कडेच्या रिममध्ये असतो, तो सगळीकडं सारखा पसरलेला नसतो म्हणून स्वस्तातल्या मालात असे फुसके निघतात. (निघाला तर नळी टार्गेटकडंच धरून अर्धा मिनिट थांबायचं, कधीकधी उशिरानं पेटतो.) पण त्या फुसक्या राउंडला माझं नळीचं तोंड जागचं हललं नव्हतं! म्हणजे हात तोच, डोळा तोच, फक्त झटक्याची धास्ती नव्हती.

आता इंजिनियर माणूस असल्यानं मला घरी येऊन हिशोब केल्याशिवाय चैन पडंना. गोळीचं वजन गुणिले वेग एवढंच धरलं, दारूच्या गॅसचा धक्का सोडून दिला, कारण मला तुलना करायची होती. .४५ ची गोळी १५ ग्रॅमची, वेग सेकंदाला साधारण २५० मीटर. ९ एमएमची साडेसात ग्रॅम, वेग ३५०. म्हणजे .४५ चा धक्का ९ एमएमच्या जवळजवळ दीडपट, आणि .२२ चा धक्का ९ च्याही तिसऱ्या हिश्श्याहून कमी. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं.

पण हा धक्का पिस्तुलाच्या वजनाला भागायचा असतो, ते कोणी सांगत नाही. भाड्याचं .४५ सात राउंड भरून सव्वा किलोचं होतं. त्यानंतर मी जे प्लॅस्टिक बॉडीचं ९ एमएम चालवलं ते १७ राउंड भरून ९०० ग्रॅमचं. भागाकार केला तर पिस्तूल मागं येण्याचा वेग एकात सेकंदाला ३ मीटर आणि दुसऱ्यात २.९. काय फरक पडला? आणि मला रेंजवर तसंच वाटलं होतं, हलकं ९ एमएम हातात टचकन उडतं, .४५ ढकलल्यासारखं येतं. .४५ मध्ये त्याच वेगानं जास्त वजन मागं येतं म्हणून ५० राउंडनंतर मनगट बोलायला लागतं ते खरं. पण "९ एमएम घे, झटका नसतो" म्हणून हलकं प्लॅस्टिकचं घेणारा फसतो. मॅगझीन रिकामं होत जातं तसं ते अजून हलकं होतं, म्हणजे शेवटचे राउंड पहिल्यापेक्षा जास्त उडतात.

मग स्टील बॉडीचं ९ एमएम बघितलं, सीझेड ७५, रिकामं एक किलो, १६ राउंड भरले की बाराशे ग्रॅम. वेग आला २.२. डमीची परीक्षा परत घेतली, मित्रानं तीन डमी घातले, त्यात एकदा नळी खाली गेली, तीही थोडीशी. .४५ वर तीनात तीन वेळा जात होती. माझा निर्णय खरं तर तिथंच झाला होता पण मन मानंना, .४५ चा नाद सुटंना.

तो सोडवला मॅगझिननं आणि पैशानं. .४५ ची पुंगळी बुडाशी १२ मिलिमीटरची, ९ ची १० ची. दिसायला दोनच मिलिमीटर, पण मॅगझिनात राउंड एकावर एक बसतात आणि मुठीची उंची तर ठरलेलीच. १९११ मध्ये एकाच रांगेत सात, फार तर आठ. ९ मध्ये दोन रांगा तिरप्या बसवल्या तरी मूठ हातात मावते. .४५ ची पण दोन रांगांची पिस्तुलं असतात, १३ राउंडची, पण ती मूठ माझ्या हाताला विटेसारखी लागली, ट्रिगरवर बोटाचं टोकच पोचंना. म्हणजे १५० राउंड मारायचे तर सातच्या मॅगझिननं २२ वेळा भरा, १६ च्या मॅगझिननं १० वेळा. लेनचे पैसे तासावर. मात्र दोन रांगांच्या मॅगझिनात शेवटचे तीनचार राउंड दाबताना अंगठ्याची सालटी निघतात, भरायचं प्लॅस्टिकचं टोपण मिळतं ते पहिल्या दिवशीच घ्या, मी तिसऱ्या महिन्यात घेतलं.

आणि सात राउंडचा एक फायदा पण आहे बरं का, लवकर संपतात म्हणून माणूस थांबतो, हात खाली घेतो, श्वास घेतो. १६ असले की सुरुवातीला नुसता पाऊस पाडायची खोड लागते. मी आता १६ च्या मॅगझिनात आठच भरतो, मग माझंच मला हसू येतं की एवढी जागा बघून घेतलं कशाला.

पैशाचं असं. मला ५० चा बॉक्स .२२ चा ४ डॉलरला पडला, ९ एमएमचा १३ ला, .४५ चा २३ ला. महिन्याला दोन शनिवार, दरवेळी १५०, म्हणजे सहा बॉक्स. .२२ चे २४ डॉलर, ९ चे ७८, .४५ चे १३८. वर्षाला ९ आणि .४५ मध्ये फरक ७२० डॉलरचा, तेवढ्यात अजून एक पिस्तूल येतं. कारण सरळ आहे, .४५ मध्ये शिसं दुप्पट, पितळ जास्त, आणि ९ एमएम जगभर फौजा-पोलीस वापरतात म्हणून बनतंच अफाट. बायकोला हा कागद दाखवला तर ती म्हणली २४ वालंच घे ना मग.

तिचं पण चूक नव्हतं. शेवटी स्टीलचं ९ एमएम घेतलं आणि पाच महिन्यांनी एक जुनं .२२ पण घेतलं. आता शनिवारी १०० राउंड .२२ चे आधी आणि मग ५० नऊचे. खर्च निघतो २१ डॉलर, सगळे नऊचे मारले असते तर ३९. पण नुसत्या .२२ वर राहून चालत नाही हे पण बघितलं, दोन महिने फक्त तेच मारलं तर मूठ सैल पडली आणि ९ हातात घेतल्यावर पहिल्याच मॅगझिनात पिस्तूल अडकलं, पुंगळी नीट बाहेर पडली नाही. पिस्तुलाला दोष नव्हता, सैल मुठीत सगळं पिस्तूलच मागं जातं मग वरच्या सरकत्या स्लाइडला मागं जायला जोर पुरत नाही.

इथं कट्ट्यावर पोरं विचारतात की आपण पण ९ एमएम घेऊ का लायसनवर. नाही बाबांनो, आपल्याकडं ९ एमएम प्रतिबंधित बोअर, म्हणजे बंदी असलेलं माप आहे, साध्या लायसनवर मिळत नाही. काकांनी नोकरीत ती वापरली पण रिटायर झाल्यावर त्यांना पण नाही.

काकांसाठी टार्गेटचे कागद आणलेत घडी घालून. काल ओसरीवर बसून चष्मा लावून बघायले होते. नऊचा कागद बाजूला ठेवला, .४५ चा मागितला. मी अजून दोन महिन्यांतून एकदा भाड्यानं .४५ घेतो, एकच बॉक्स, मित्र तीन डमी घालतो, मागच्या वेळी तीनात एकदाच नळी खाली गेली. काकांनी कागदावर खाली डावीकडं सुटलेली चार भोकं बोटानं मोजली आणि म्हणले, "एकदा कसली, ही बघ की चार."