ठिणग्या कुठे उडतात ते आधी बघा

लालबागच्या एक काकू संध्याकाळी मिक्सर घेऊन दुकानात आल्या. त्या डबे करून देतात, रोज चार नारळांचं वाटण त्या एका मिक्सरवर. "दादा, एका दुकानात सांगितलं मोटर गेली, नवीन टाका. तुम्ही एकदा बघा ना."

दुकानातला दिवा बंद करून मी मिक्सर भांड्याशिवाय चालू केला. खालच्या जाळीतून पिवळ्या ठिणग्या दिसत होत्या, आवाज दबलेला, मध्येच बंद. बाजूला टिचकी मारली की पुन्हा सुरू. त्या टिचकीनेच मला अर्धं उत्तर दिलं. वाइंडिंग जळालेली मोटर अशी टिचकीने जागी होत नाही. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारा कार्बनचा तुकडा नीट टेकत नसला की असं होतं.

प्लग काढून खालचं झाकण उघडलं. एक कार्बन जेमतेम चार मिलिमीटर उरला होता, दुसरा सात. कार्बन झिजत जातो तशी मागची स्प्रिंग पुढे सरकून त्याला कम्युटेटरवर, म्हणजे फिरत्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोल कड्यावर, दाबून धरते. तो फारच आखूड झाला की स्प्रिंगचा जोर संपतो, कार्बन उड्या मारू लागतो आणि प्रत्येक उडीला ठिणगी पडते. त्या ठिणगीने कम्युटेटरची तांब्याची पट्टी भाजते, खडबडीत होते आणि कार्बन आणखी लवकर खाते. म्हणून पाच-सहा मिलिमीटर उरला की मी वाट बघत नाही.

पण नवीन कार्बन टाकण्याआधी आर्मेचर, म्हणजे मोटरचा तो फिरता भाग, तपासलंच पाहिजे. कम्युटेटर काळा झाला होता, पण कापडाने पुसल्यावर सगळ्या पट्ट्या सारख्या निघाल्या. मल्टिमीटरने शेजारशेजारच्या पट्ट्यांमधलं रीडिंग घेतलं, सगळीकडे जवळपास एकच. पट्टी आणि शाफ्ट यांच्यात काहीच लागलं नाही. आर्मेचर शाबूत होतं.

त्याच आठवड्यात आलेल्या दुसऱ्या मिक्सरची गोष्ट वेगळी होती. तिथे ठिणग्या कार्बनखाली न थांबता कम्युटेटरभोवती पूर्ण कडं करून फिरत होत्या आणि शेजारच्या दोन पट्ट्या जळून खड्डा पडला होता. तिथे नवीन कार्बन टाकणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे वाया घालवणं. त्यांना मी आर्मेचरच बदलायला सांगितलं.

काकूंच्या मिक्सरमधली काळी पूड ब्रशने झाडली, कम्युटेटरवर बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला, पट्ट्यांमधल्या फटी साफ केल्या. मग त्याच मापाचे दोन्ही कार्बन नवीन टाकले. एकच बदलला तर दोन बाजूंचा दाब सारखा राहत नाही. कार्बन होल्डरमध्ये सहज सरकतोय ना, तेही बोटाने पाहिलं, कारण अडकलेला नवा कार्बनसुद्धा ठिणग्याच देतो.

भांड्याशिवाय थोडं थोडं थांबवत दहा मिनिटं चालवला. नव्या कार्बनचं तोंड सपाट असतं, ते कम्युटेटरच्या गोलाईवर बसायला वेळ लागतो. शेवटी कार्बनखाली बारीकशी निळी चमक तेवढी उरली, ती चालते.

"काकू, दोन-तीन दिवस एका वेळी अर्धाच नारळ वाटा," मी म्हणालो. "आणि पिवळ्या ठिणग्या दिसल्या तर लगेच बंद करा, टिचकी मारत बसू नका."


"उद्या सोलकढीचाच नारळ आहे," त्या म्हणाल्या, "तेवढाच लावते."