तुम्ही विचारलंत म्हणून: ताज, कसूर आणि मारिफान

‘तुम्ही डॉक्टर नाही, मग अरबी डिस्चार्ज पेपरचं इंग्रजी कसं करता? औषधांची नावं तर जगभर सारखीच असतात ना?’

सारखी नसतात, आणि दिसतात तशी तर मुळीच नसतात. एका कागदावरूनच सांगते. येमेनहून आलेल्या एका आजींवर आधी कैरोत उपचार झाले होते आणि आता मुंबईत हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया ठरत होती. कैरोच्या कागदांवर निदान पुष्कळदा इंग्रजीतच लिहिलेलं असतं. हा कागद मात्र निदानापासून गोळ्यांपर्यंत सगळा अरबीत टाइप केलेला होता.

निदानाची ओळ होती ‘कुसूर अस-सिमाम अत-ताजी’. कुसूर म्हणजे आपला कसूर, कमी पडणं. सिमाम म्हणजे झडप. ताजी हा शब्द ताज, म्हणजे मुकुट, यावरून आला. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमनीलाही अरबीत ‘ताजी’च म्हणतात, कारण लॅटिनमध्ये कोरोना म्हणजे मुकुट. त्यामुळे घाईत कुणीही ‘कोरोनरी’ लिहून मोकळा होईल. पण कोरोनरी नावाची झडप नसते. झडपेपुढचा ‘ताजी’ म्हणजे मायट्रल, कारण मायटर ही बिशपची दोन टोकांची उंच टोपी आणि अरबीत तिचाही ताज झाला. कुसूरचंही तसंच आहे. मूत्रपिंडापुढे आला तर फेल्युअर, थायरॉइडपुढे आला तर हायपोथायरॉइडिझम, आणि झडपेपुढे आला तर रिगर्जिटेशन, म्हणजे झडप नीट न मिटता रक्त मागे गळणं. म्हणून मी लिहिलं ‘मायट्रल रिगर्जिटेशन’. शब्द कुठल्या अवयवाच्या शेजारी बसलाय हे पाहिल्याशिवाय मी निदानाला हात लावत नाही.

मग औषधं. पहिलंच नाव अक्षरं लावून वाचलं तर ‘मारिफान’ होतं. अरबी लिपीत ‘व्ही’ला स्वतंत्र अक्षर नाही, म्हणून तिथे ‘एफ’चं अक्षर बसतं. ‘पी’ही नाही, त्याच्या जागी ‘बी’ येतो. मारिफान म्हणजे मारेवान, इजिप्तमध्ये मिळणारं वॉरफरिन, रक्त पातळ ठेवणारं औषध. इंग्रजीत ‘मारिफान’ असं उतरवलं असतं तर मुंबईतल्या डॉक्टरांना त्यातून काहीच कळलं नसतं, आणि शस्त्रक्रियेआधी नेमकं हेच औषध कळायला हवं. मी अंदाजावर भागवलं नाही. आजींच्या मुलाकडून खोक्याचा फोटो मागवला. खोक्याच्या एका बाजूला इंग्रजी छापलेलं असतं. भाषांतरात आधी ब्रँडचं नाव आणि पुढे चौकोनी कंसात, अनुवादकाची भर असं म्हणून, वॉरफरिन.

आकड्यांत सगळ्यात जास्त जपावं लागतं, त्यातही मराठी डोळ्याला. अरबी पाच हा आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि अरबी शून्य हा नुसता ठिपका. दशांशाची खूण स्वल्पविरामासारखी दिसते. लॅनॉक्सिन, म्हणजे हृदयासाठीचं डिगॉक्सिन, ०.२५ मिलिग्रॅम असं लिहिलं होतं, पण स्कॅनमध्ये सुरुवातीचा ठिपका आणि ती खूण दोन्ही पुसट झाली होती. वाचलं तर २५. अर्थात शंभरपट. डिगॉक्सिनमध्ये उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं असतं. पाव मिलिग्रॅमची गोळी असते, पंचवीसची नसते, एवढं ठाऊक होतं म्हणून मी थांबले आणि मूळ कागद पुन्हा मागवला. त्याच गोळीपुढे ‘गुरुवार-शुक्रवार सोडून’ असंही होतं. आपल्याकडे शनिवार-रविवार सोडायला सांगतात, म्हणून वार बदलायचे नाहीत. गुरुवार आणि शुक्रवारच लिहायचे.

अडले ते लॅसिक्सपाशी, म्हणजे लघवी वाढवून अंगातलं पाणी कमी करणाऱ्या गोळीपाशी. चाळीस मिलिग्रॅमची एक गोळी, ‘यौम बाद यौम’. शब्दशः ‘दिवसामागून दिवस’, म्हणजे रोज असं वाटतं. इजिप्तच्या चिठ्ठ्यांत मात्र याचा अर्थ दिवसाआड. मुलाला विचारलं, आई गोळी कशी घेते? तो म्हणाला, ‘एक दिवस हो, एक दिवस नाही.’ इंग्रजीत मी ‘एव्हरी अदर डे’ असं पूर्ण लिहिलं आणि मूळ शब्द कंसात ठेवून डॉक्टरांनी खात्री करावी अशी टीप जोडली. त्यासाठीचा ‘क्यूओडी’ हा संक्षेप मी कधीच लिहीत नाही. मधला ‘ओ’ पुसट झाला की ‘क्यूडी’, म्हणजे ‘रोज’, उरतं आणि गोळी रोजची होते. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ साली वापरू नयेत अशा संक्षेपांची यादी काढली, त्यात हा आहे.

कागद दिला त्याच संध्याकाळी मुंबईच्या रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांचा फोन आला. निदानाबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. मारेवानची शेवटची गोळी कधी घेतली, एवढंच हवं होतं. ते कागदावर नव्हतं. मी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, ‘आज सकाळी.’