माटोळीच्या खोलीची फरशी, नोंद 4: कोबा आणि टाइल्स यांच्यामधले दिवस

डिचोलीच्या घरात गणपतीच्या खोलीची फरशी बदलायचं काम आता संपत आलंय. यंदा, 2025 मध्ये, चवथ 27 ऑगस्टला. त्याआधी दोन दिवस माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधायला शिडी लावावी लागते, आणि सांधे कच्चे असताना शिडीचे पाय टाइल्सवर नकोत. म्हणजे माझी खरी मुदत 25 तारीख, सोमवार. वेळापत्रक एमएस प्रोजेक्टमध्ये केलंय. या वेळी फक्त थांबण्याच्या दिवसांबद्दल लिहितो, कारण अडकलो तिथेच.

कोबा 30 जुलैला, बुधवारी संध्याकाळी पूर्ण झाला. सिमेंट पीपीसी होतं, म्हणजे राख मिसळलेलं आणि हळू घट्ट होणारं, म्हणून दहा दिवस ओला ठेवायचा आणि पुढचे पाच दिवस सुकू द्यायचा असं ठरवलं. कोबा तिसऱ्या ओळीत होता, म्हणून तिसरं काम संपल्यावर पंधरा दिवसांनी टाइल्स सुरू व्हाव्यात यासाठी त्यांच्या ओळीत `Predecessors` खाली हे लिहिलं:

```
3FS+15d
```

टाइल्स 19 ऑगस्टला सुरू होतील असं दिसलं. पुढे सांधे भरण्यासाठी `+1d` आणि शिडीसाठी `+3d` टाकल्यावर माटोळी थेट 27 ला, चवथीच्या सकाळी! कारण लक्षात यायला अर्धा तास गेला. माझं कॅलेंडर सोमवार ते शनिवार आहे आणि 15 ऑगस्टची सुट्टी त्यात नोंदवलेली आहे. `d` म्हणजे कामाचे दिवस, म्हणून तिन्ही रविवार आणि ती सुट्टी मोजणीतून गळली. मेस्त रविवारी येत नाही, पण सिमेंट रविवारीही घट्ट होत असतं. तिन्ही ठिकाणी `d` च्या जागी `ed` केलं, म्हणजे रात्रंदिवस सलग मोजलेले दिवस. पंधरा दिवस 14 ला संध्याकाळी संपले, 15 ला सुट्टी, टाइल्स 16 आणि 18 ला, सांधे 20 ला, आणि माटोळी 25 ला. एका अक्षराने दोन दिवस परत मिळाले.

तरीही ते पंधरा दिवस एकाच जोडणीत लपवणं मला पटेना. लॅगला, म्हणजे दोन कामांमधल्या थांब्याला, स्वतःची ओळ नसते, त्यावर कोणाचं नाव घालता येत नाही. सुकणं आपोआप होतं, त्याला लॅग चालतो. ओलं ठेवणं मात्र काम आहे: मातीचे छोटे बांध घालून पाणी साठवायचं, कडेला गोणपाट भिजवायचं, सकाळ-संध्याकाळ बघायचं. बाहेर पाऊस असला तरी खोलीत पंखा चालू राहिला की कोबा सुकतो. म्हणून `10ed` ची वेगळी ओळ केली आणि तिथे माझं आणि आईचं नाव घातलं. सुकण्यालाही `5ed` ची वेगळी ओळ दिली, आणि त्याचा दुसरा फायदा झाला: आता तिला लीड जोडता आला, म्हणजे ती संपायच्या आधीच पुढचं काम सुरू करता आलं.

```
5FS-2d
```

हे कडेच्या टाइल्स कापून मांडून बघण्यासाठी. खोके उघडून रंग जुळवणं, भिंतीलगतचे तुकडे बाजूच्या पडवीत कापणं, हे सुकणं संपायच्या दोन दिवस आधी, 13 आणि 14 ला उरकलं. लीड मी अशाच कामाला देतो, जे आधीचं काम लांबलं तरी वाया जात नाही.

आणि ते लांबलंच. ओल तपासायला 13 ला दुपारी चार वाजता कोब्यावर दीड फूट चौकोनी जाड प्लास्टिक चारही कडांनी टेप लावून चिकटवलं. 14 ला सकाळी दहाला उघडलं तर आतून थेंब, आणि खालचा कोबा काळपट. मेस्त म्हणाला, ‘‘बाब, वरून सुकलाय, उद्या-परवा बसवून टाकूया.’’ त्याचा हात चांगला आहे, पण इथे मी ऐकलं नाही. अडकलेली ओल सांध्यांतून वर येते, पांढरा क्षार घेऊन. सांधे डागाळलेले राहतात, आणि चिकटण नीट धरली नसेल तर टाइल ठोकल्यावर पोकळ वाजते. `5ed` चं `8ed` केलं, खिडक्या पाऊस थांबेल तेव्हा उघडल्या, उभा पंखा जमिनीवर वळवला. 16 ला चारला पुन्हा प्लास्टिक लावलं, रविवारी 17 ला दहाला उघडलं. कोरडं.

टाइल्स 18 आणि 19 ला, सांधे 21 ला, तीन दिवस 24 ला संध्याकाळी पूर्ण. माटोळी 25 लाच राहिली, कारण जुन्या तारखांत 24 चा रविवार रिकामा होता, तो यात खर्ची पडला. आणखी एक दिवस लागला असता तर जागा नव्हती.

आमच्या कोब्याखाली प्लास्टिकचा कागद अंथरलेला आहे. तो नसता तर पावसात जमिनीतूनच ओल येत राहिली असती आणि आठाचे अठरा दिवस करूनही चाचणी कोरडी आली नसती. जुन्या घरात कोणी हे करत असेल तर आधी ते तपासा, मग सुकण्याचे दिवस ठरवा.

शिडी आज सकाळी लावली. स्कर्टिंगच्या दोन पट्ट्या राहिल्यात, त्या चवथीनंतर.